घटक चाचणी : कबड्डीचे नियम आणि कौशल्ये

इयत्ता नववी, तुकडी ब आणि क
विषय : आरोग्य व शारीरिक शिक्षण
वेळ : 40 मिनिटे, एकूण गुण : 25

पेपर सुरू करण्याआधी वाचा. सगळे प्रश्न सोडवायचे आहेत. प्रसंगांच्या प्रश्नांत नुसता आकडा लिहिलात तर अर्धेच गुण मिळतील. तो आकडा कसा आला, ते दोन ओळींत लिहा. पंच शिट्टी वाजवतो तेव्हा त्यालाही कारण सांगावं लागतं. टीव्हीवर सामने बघून आलेला गोंधळ बाजूला ठेवा आणि कळव्याच्या मैदानावर महिनाभर जे खेळलो ते आठवा. प्रात्यक्षिक गुरुवारी आहे. नखं कापून या, कडं, साखळी, कानातलं घरी ठेवा. अंगाला तेल लावून आलेल्याला मैदानात उतरता येणार नाही, तोही नियमच आहे.

विभाग अ. योग्य पर्याय निवडा (प्रत्येकी 1 गुण)

1. एका संघाचे एका वेळी मैदानात किती खेळाडू असतात?
(अ) 5 (आ) 7 (इ) 9 (ई) 11

2. पुरुषांचं मैदान 13 मी. × 10 मी. असतं. शाळेमागे चुन्याने आखलेलं मैदान महिलांच्या मापाचं आहे. त्याचं माप किती?
(अ) 10 × 6 मी. (आ) 11 × 10 मी. (इ) 12 × 8 मी. (ई) 13 × 8 मी.

3. एका चढाईला जास्तीत जास्त किती वेळ मिळतो?
(अ) 20 सेकंद (आ) 30 सेकंद (इ) 45 सेकंद (ई) दम टिकेल तितका

4. लोण चढवल्यावर किती जादा गुण मिळतात?
(अ) 1 (आ) 2 (इ) 3 (ई) 7

5. बोनस गुणासाठी समोर कमीत कमी किती बचावपटू असावे लागतात?
(अ) 4 (आ) 5 (इ) 6 (ई) 7

6. आशियाई क्रीडा स्पर्धेत पदकाचा खेळ म्हणून कबड्डी 1990 मध्ये आली. ती स्पर्धा कोणत्या शहरात झाली?
(अ) दिल्ली (आ) बीजिंग (इ) ग्वांगझू (ई) जकार्ता

विभाग आ. चूक की बरोबर? एका वाक्यात कारण द्या (प्रत्येकी 2 गुण)

7. बोनस गुण मिळाला की आपला बाद झालेला एक खेळाडू परत मैदानात येतो.

8. चढाईपटू आणि बचावपटूंची झटापट सुरू झाली की लॉबी मैदानाचाच भाग धरली जाते.

9. चढाईपटूने पुढचा पाय निदानरेषेपलीकडे टेकला आणि मागचा पाय अलीकडे जमिनीवरच राहिला, तरी निदानरेषा ओलांडली असं धरतात.

10. चढाईपटूचे केस किंवा टी-शर्ट ओढून केलेली पकड ग्राह्य धरली जाते.

विभाग इ. प्रसंग वाचा, निर्णय द्या

समजा, मुलींचे दोन संघ खेळताहेत, कळवा आणि कोपरी. तुम्ही पंच आहात.

11. कळव्याच्या सहा मुली मैदानात आहेत, एक बाहेर बसली आहे. कोपरीची चढाई. चढाईपटू उजव्या बाजूने बोनस रेषेपलीकडे पाय टाकते, मागचा पाय हवेत. परत वळताना कोपऱ्यातली मुलगी तिचा घोटा धरते, बाकीच्या तिला आडवतात आणि ती तिथेच पकडली जाते. कोणाला किती गुण? यानंतर कळव्याच्या किती मुली मैदानात असतील? (3 गुण)

12. गुणफलक : कळवा 21, कोपरी 24. कोपरीच्या दोनच मुली उरल्या आहेत. कळव्याची चढाईपटू एकीला हाताने शिवते. दुसरी तिला कमरेला मिठी घालून धरते. चढाईपटू पडते, पण दम न सोडता हात लांब करून मध्यरेषेला लावते. नवा गुणफलक लिहा आणि कोपरीच्या किती मुली परत येतील ते सांगा. (3 गुण)

13. कळव्याच्या तीनच मुली मैदानात आहेत. त्या कोपरीच्या चढाईपटूची पकड करतात. बोनस रेषेचा प्रश्न नाही. कळव्याला किती गुण, आणि बाहेर बसलेल्या किती मुली परत येतील? (2 गुण)

विभाग ई. कौशल्य

14. घोट्याची पकड कोपरारक्षक कोणत्या क्षणी करतो? हात लावण्याआधी त्याचं शरीर कसं असावं, आणि पकड केल्यावर बाजूच्या खेळाडूने काय करायचं? चार-पाच ओळींत लिहा. (3 गुण)

उत्तरे आणि गुणदान (पेपर तपासून झाल्यावर वर्गात वाचून दाखवायचे)

1-आ, 2-इ, 3-आ, 4-आ, 5-इ, 6-आ. तिसऱ्या प्रश्नात "दम टिकेल तितका" हा पर्याय मोह पाडणारा आहे. दम तर हवाच, पण घड्याळही थांबत नाही.

7. चूक. बोनसवर गुण मिळतो, खेळाडू मिळत नाही. खेळाडू परत येतो तो समोरचा बाद झाल्यावर.

8. बरोबर. झटापट होण्याआधी मात्र लॉबीत पाय पडला तर पाय टाकणाराच बाद. हा नियम किती नाजूक आहे ते हांगचौच्या आशियाई स्पर्धेत दिसलं. 2023 मध्ये झालेला भारत-इराण पुरुष अंतिम सामना लॉबीच्याच वादावरून बराच वेळ थांबला होता. शेवटी भारताने तो 33-29 असा जिंकला.

9. चूक. मागचा पाय जमिनीवरून सुटला पाहिजे. मध्यरेषा आणि निदानरेषा यांमधल्या जमिनीला शरीराचा कोणताच भाग लागलेला नको. बोनस रेषेलाही मागचा पाय हवेत हवा. सरावात सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून कारण नीट लिहिलेल्याला पूर्ण गुण द्यावेत, भाषा अडखळली असली तरी. कोणी पुढे "पण एखाद्याला शिवून परतला तर निदानरेषा ओलांडायची गरज नाही" असं लिहिलं असेल तर त्याचं वर्गात कौतुक करा.

10. चूक. पकड हातापायांची किंवा धडाची. केस, कपडे ओढणं, तोंड दाबणं, पायांची कात्री घालणं हे सगळं नियमबाह्य, आणि अशा पकडीत चढाईपटू बाद होत नाही. ही बाब गुणांपुरती ठेवू नये. मान किंवा गुडघा दुखावला तर वर्षभराचा खेळ जातो.

11. कोपरी 1 (बोनस), कळवा 1 (पकड). सहा बचावपटू होत्या, म्हणून बोनस लागू. पकडली गेली तरी बोनस गुण जात नाही. चढाईपटू बाद झाल्याने कळव्याची बाहेर बसलेली मुलगी आत येते, म्हणजे आता सात. दोन्ही गुणांना 1-1, खेळाडूंच्या संख्येला 1.

12. कळवा 25, कोपरी 24. दोघी बाद, 2 गुण. मैदान रिकामं, म्हणून लोणचे आणखी 2. मिठी घातली तरी हात मध्यरेषेला लागला आणि दम टिकला, म्हणजे धरणारीही बाद. कोपरीच्या सातही मुली दहा सेकंदांत परत येतात. लोणचे गुण विसरून 23 लिहिणाऱ्याला 1 गुण.

13. 2 गुण. बचावपटू तीन किंवा कमी असताना पकड झाली की जादा गुण, यालाच सुपर टॅकल म्हणतात. परत येते मात्र एकच मुलगी, कारण चढाईपटू एकच बाद झाली.

14. चढाईपटू बोनससाठी किंवा अंगठ्याने शिवायला पाय लांबवतो आणि त्याचं वजन एका पायावर येतं, तो क्षण. गुडघे वाकलेले, कंबर खाली, नजर चढाईपटूच्या पायावर. डोळ्यांकडे बघितलं की हुलकावणीत फसतो. दोन्ही हात घोट्यावर, खांदा पोटरीला लागलेला, आणि पाय स्वतःच्या छातीकडे ओढायचा. शेजारचा इन खेळाडू लगेच धावून चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्या मध्ये येतो. तो आला नाही तर उत्तम पकडही निसटते, चढाईपटू घसरत जाऊन मध्यरेषा गाठतो आणि धरणारा बाद. क्षणाला 1, शरीराच्या स्थितीला 1, साथीला 1. ज्याने हे लिहिलं नाही पण गुरुवारी मैदानात करून दाखवलं, त्याचा या प्रश्नाचा एक गुण तिथे वाढवून द्यावा.