कुंद्याच्या खोक्याबद्दल आणखी एक

काका, नमस्कार.

कोटेशन पाठवून दहा दिवस झाले. त्याची आठवण करून द्यायला नाही, एक गोष्ट सापडली म्हणून लिहितोय.

परवा पुण्याला जाताना तुमचा अर्धा किलो कुंदा आमच्याच नमुन्याच्या खोक्यात नेला. निपाणी यायच्या आत तळाला तुपाचा डाग! चूक आमचीच. आता आत बटर पेपर घातलाय, दर तोच.

झाकणावर दुकानाचं नाव कन्नड-मराठी दोन्हीत बसवलंय. शाकाहारीची हिरवी खूण नावाशेजारी, एफएसएसएआयचा 14 आकडी नंबरही घेतलाय. फोटो जोडलाय.

उद्या चार खोकी दुकानात ठेवून जातो. कुंदा भरून दोन दिवस बघा की. छपाईचं मग बोलू.

— शहापूरचा छपाईवाला