ऑफर स्वीकारण्याआधी: आरोग्य विमा, रजा आणि इतर सुविधांबद्दल

नमस्कार रेवती मॅडम,

मंगळवारी ऑफर लेटर मिळालं, मनापासून आभार. पद, काम आणि टीम याबद्दल मला काहीच शंका नाही, मला यायचं आहे. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा आहे, त्याआधी काही गोष्टी लेखी समजून घ्यायच्या आहेत. लेटरमध्ये विमा आणि रजा या दोन्हींपुढे 'कंपनीच्या धोरणानुसार' एवढंच लिहिलंय, आणि ते धोरण माझ्यापर्यंत आलेलं नाही.

आधी विम्याचं विचारते, कारण माझा निर्णय बराचसा त्यावर आहे. फोनवर आपण 'फॅमिली कव्हर आहे' असं म्हणालात. त्यात आई-वडील येतात का? वडिलांना मधुमेह आणि रक्तदाब आहे. आईचा गुडघा बदलावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलंय आणि ते ऑपरेशन येत्या पाच-सहा महिन्यांत करायचं आहे. आधीपासूनच्या आजारांना पहिल्या दिवसापासून संरक्षण मिळतं की वेटिंग पिरियड असतो? गुडघ्याच्या ऑपरेशनला वेगळी कमाल मर्यादा आहे का? आई-वडिलांच्या बिलात को-पे असेल, तर किती टक्के?

खोलीच्या भाड्याबद्दल मुद्दाम विचारते आहे. आधीच्या नोकरीत मी फक्त विम्याची रक्कम विचारली होती आणि ती ऐकून निश्चिंत झाले होते. वडिलांना ॲडमिट केलं तेव्हा मोकळी असलेली खोली घेतली. तिचं भाडं पॉलिसीतल्या मर्यादेच्या दीडपट होतं. मला वाटलं, वरचा फरक तेवढा भरावा लागेल. डिस्चार्जच्या दिवशी काउंटरवर कागद हातात आला तेव्हा कळलं की डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात कापलाय, म्हणजे तिथेही दोन तृतीयांशच मंजूर. वडील व्हीलचेअरवर बसून वाट बघत होते आणि मी भावाला फोन करून पैसे जमवत होते. एचआरने तेव्हा काही खोटं सांगितलं नव्हतं, पण मीच पुरेसं विचारलं नव्हतं. म्हणून या पॉलिसीत खोलीच्या भाड्यावर मर्यादा आहे का आणि असल्यास अशी प्रमाणात कपात होते का, हे मला नक्की हवंय.

संरक्षण रुजू होण्याच्या दिवसापासून सुरू होतं की नाव नोंदवल्यानंतर? माझा सध्याचा विमा शेवटच्या कामाच्या दिवशी संपतो, आणि मधले नऊ दिवस कसे भरून काढायचे ते मला आत्ताच ठरवावं लागेल. आई-वडिलांचा हप्ता माझ्या पगारातून कापला जाणार असेल, तर तो सीटीसीमध्ये धरलाय की वेगळा, तेही सांगा.

रजेबद्दल: वर्षाला 24 भरपगारी रजा असं आपण सांगितलंत. आजारपणाच्या रजा यातच आहेत की वेगळ्या? त्या दर महिन्याला दोन अशा जमा होतात की सुरुवातीलाच मिळतात? प्रोबेशनच्या सहा महिन्यांत रजा घेता येते का, हा माझ्यासाठी खरा प्रश्न आहे, कारण आईच्या ऑपरेशनसाठी मला सलग दहा दिवस लागतील. हे आधीच सांगते आहे, म्हणजे मॅनेजरनाही ऐनवेळी अडचण नको. रजेच्या मधे आलेले शनिवार-रविवार रजेतच मोजले जातात का? उरलेल्या रजा पुढच्या वर्षी नेता येतात की बुडतात?

बाकी थोडंच आहे. सीटीसीमधला 15 टक्के व्हेरिएबल पे कशावर ठरतो, आणि वर्षाच्या मधे रुजू झालेल्यांना तो पहिल्या वर्षी मिळतो का? महिन्यातून एक आठवडा ऑन-कॉल असेल असं मुलाखतीत कळलं, त्या आठवड्यातल्या रात्रीच्या कामाची बदली सुट्टी मिळते का? प्रोबेशनमध्ये नोटिस पिरियड किती?

प्रश्न बरेच झालेत, याची मला जाणीव आहे. प्रत्येकाचं उत्तर टाइप करत बसू नका. विम्याच्या अटींचं पत्रक आणि रजेचं धोरण ईमेलने पाठवलंत, तर बरीचशी उत्तरं मी त्यातूनच शोधेन. उरलेल्यांसाठी उद्या दुपारी तीननंतर पंधरा-वीस मिनिटं फोनवर बोलू शकू का? फोनवर जे ठरेल ते मी त्याच संध्याकाळी मेलमध्ये लिहून पाठवेन, आपण फक्त 'बरोबर आहे' एवढं कळवा.

ही कागदपत्रं गुरुवारपर्यंत मिळणं शक्य नसेल, तर होकाराची मुदत सोमवारपर्यंत वाढवून मिळावी, ही विनंती.

आपली,
मेघना