धमकीचे व फसवणुकीचे कॉल करणाऱ्या क्रमांकावर कारवाईसाठी अर्ज

दि. 13 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
मोबाईल सेवा विभाग, सोलापूर

विषय : 4417 ने संपणाऱ्या क्रमांकाची पडताळणी करून तो बंद करणे व कॉलच्या नोंदी जपून ठेवणेबाबत.

महोदय,

माझ्या आईच्या नावावर आपल्या कंपनीचे प्रीपेड सिम आहे. त्यावर 11 नोव्हेंबरला सकाळी 10.42 आणि 11.05 ला, व 12 तारखेला रात्री 9.18 ला वरील क्रमांकावरून कॉल आले. तिन्ही साधे कॉल आहेत, व्हॉट्सॲपचे नाहीत; त्यामुळे त्यांची नोंद आपल्याकडे असणारच. पूर्ण क्रमांक सोबतच्या स्क्रीनशॉटमध्ये आहे.

पहिल्या दोन कॉलमध्ये दूरसंचार खात्याचे नाव सांगून "तुमचे सिम दोन तासांत बंद होणार, नाहीतर *401* लावून आम्ही देतो तो नंबर डायल करा" असे सांगितले. हा कोड सगळे कॉल दुसरीकडे वळवतो. मग बँकेचा ओटीपी कॉलवर सांगितला जात असेल तर तोही त्यांच्या कानी जातो. आईने तो डायल केला नाही. तिसऱ्या कॉलमध्ये "38,000 रुपये भर, नाहीतर मुलीला घरातून उचलू" अशी थेट धमकी दिली.

विशेष गंभीर बाब अशी, की त्या माणसाने आमचा पत्ता "शेखर पेठ" असा वाचला. आमची पेठ साखर पेठ. ही चूक फक्त सिम घेताना विक्रेत्याने भरलेल्या आपल्या नोंदीत आहे. आधार व रेशन कार्डावर पत्ता बरोबर आहे. म्हणून आईची ग्राहक नोंद गेल्या सहा महिन्यांत कोणी, कोणत्या लॉगिनने उघडली, हे तपासावेच.

तो क्रमांक आपला असेल तर त्याची केवायसी पुन्हा तपासून सेवा स्थगित करावी आणि त्याच हँडसेटच्या आयएमईआयवर चाललेली इतर सिमेही पाहावीत, कारण असे लोक एक सिम बंद झाले की तासाभरात दुसरे घालतात. दुसऱ्या कंपनीचा असेल तर तक्रार तिकडे पाठवून आम्हाला कळवावे. कॉल परदेशातून येऊन भारतीय क्रमांक दिसत होता का, हेही मार्गाच्या नोंदीवरून स्पष्ट करावे. आईच्या सिमवर कॉल वळवणी लागलेली नाही याची खात्री आपल्या बाजूनेही करावी.

कॉल करणाऱ्याचे नाव-पत्ता आम्ही मागत नाही. तो पोलिसांना द्यायचा आहे. मात्र ते मागतील तेव्हा सीडीआर हाती लागला पाहिजे, म्हणून तो आजच राखून ठेवावा. संचार साथीच्या 'चक्षु'वर माहिती दिली आहे व सोलापूर शहर सायबर पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. पैसे गेलेले नाहीत, म्हणून 1930 वर कॉल केलेला नाही.

तक्रारीचा डॉकेट क्रमांक आजच एसएमएसने मिळावा. आई रात्री फोन वाजला तरी दचकते. सात दिवसांत लेखी उत्तर न आल्यास आम्ही आपल्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाऊ.

आपली विश्वासू,
सुनंदा माने
(ग्राहकाची मुलगी)
साखर पेठ, सोलापूर

सोबत : कॉल यादीचे 3 स्क्रीनशॉट, तिसऱ्या कॉलचे रेकॉर्डिंग (पेनड्राइव्हवर), आईच्या सहीचे संमतिपत्र, पोलीस अर्जाची पोच.