नवीन लिपिक-रोखपालांसाठी प्रशिक्षण पुस्तिका: काउंटरवरचे पहिले आठवडे

ही पुस्तिका शाखेत रुजू झालेल्या नव्या लिपिकांसाठी आहे. आपली शाखा बाजाराच्या गावात आहे. लिलावाच्या दिवशी अकरा वाजताच रांग दारापर्यंत जाते आणि "साहेब, जरा लवकर करा" हे दर दोन मिनिटांनी ऐकू येतं. तरीही पहिले काही आठवडे वेग विसरा. हात बसला की तो आपोआप येतो. सराव हेड कॅशिअरसमोर करायचा आणि उत्तरं वहीत लिहायची.

भाग 1: रोख भरणा

उद्दिष्टे: भरणा स्लिप तपासता येणे, खातेदाराच्या नजरेसमोर रोकड मोजता येणे, फरक निघाल्यास काय करायचं ते माहीत असणे.

क्रम ठरलेला आहे: आधी स्लिप, मग मोजणी, मग एंट्री, शेवटी शिक्का आणि सही. एंट्री आधी करून ठेवली आणि नोटा कमी निघाल्या, तर निस्तरत बसावं लागतं. मोजून होईपर्यंत नोटा ड्रॉवरमध्ये टाकू नका. एकदा त्या ड्रॉवरमधल्या नोटांत मिसळल्या की कुणाच्या किती होत्या, हे देवालाही सांगता येणार नाही. मशीनवर मोजल्या तरी काउंटरच्या काचेतून मशीनचा आकडा खातेदाराला दिसला पाहिजे. शंभर नोटांच्या पाकिटाला कागदी पट्टी लावा, स्टेपलर नको.

सराव: स्लिपवर 500 × 82, 200 × 30, 100 × 17, एकूण 48,700 रुपये. मोजल्यावर पाचशेच्या 81 आणि शंभरच्या 18 निघाल्या, दोनशेच्या बरोबर आहेत. फरक किती? स्लिप कोण दुरुस्त करणार? (उत्तर: 400 रुपये कमी. दुरुस्ती खातेदारच करून सही करेल किंवा नवी स्लिप भरेल. त्याच्या वतीने तुम्ही खाडाखोड करायची नाही.)

भाग 2: बनावट आणि फाटक्या नोटा

उद्दिष्टे: पाचशेची नोट हाताने व डोळ्याने पारखता येणे, बनावट नोट जप्त करण्याची पद्धत पाळता येणे, फाटक्या नोटेचं मूल्य ठरवता येणे.

पाचशेची नोट तिरकी केली की सुरक्षा धागा हिरव्याचा निळा होतो. दोन्ही कडांना पाच-पाच उठावदार रेषा असतात, त्या बोटाला लागतात. मशीनने नोट बाजूला काढली तरी हातात घेऊन बघाच.

नोट बनावट ठरली की तिच्यावर शिक्का मारून ती जप्त होते. ती परत द्यायची नाही आणि तिची रक्कम खात्यात धरायची नाही. पोचपावती मात्र द्यायचीच, समोरच्याने सही करायला नकार दिला तरी. एका व्यवहारात चारपर्यंत नोटा असतील तर पोलिसांना महिन्याच्या एकत्रित अहवालात कळवलं जातं. पाच किंवा जास्त असतील तर एफआयआर. ते काम शाखाधिकाऱ्यांचं आहे, पण नोटा मोजून लगेच सांगणं तुमचं.

बहुतेक वेळा समोरचा माणूस स्वतःच फसलेला असतो. आवाज चढवू नका, रांगेला ऐकू जाईल असं "नकली" म्हणू नका.

फाटक्या नोटेसाठी (50 रुपये आणि वर) सर्वांत मोठा सलग तुकडा बघा: 80 टक्क्यांहून जास्त असेल तर पूर्ण मूल्य, 40 ते 80 टक्के असेल तर अर्धं, त्याखाली काही नाही.

सराव 1: दोघांनी मिळून करा. एकजण मावशी: "अहो, ही मला बाजारात मिळाली, माझी नोट मला परत द्या, मी त्यालाच देते." दुसऱ्याने उत्तर द्यायचं, पोचपावती लिहायची.

सराव 2: पाचशेची नोट 15 × 6.6 सेंमी असते. तुकडा 11 × 6.6 सेंमी आहे. किती रुपये द्याल?

भाग 3: चेक

उद्दिष्ट: पासिंगला पाठवण्याआधी चेकमधील दोष ओळखता येणे.

तारीख, नाव, अक्षरी आणि अंकी रक्कम, सही, खाडाखोड, रेखांकन, एवढं बघा. चेकची मुदत तारखेपासून तीन महिने. अक्षरी रक्कम मराठीत असली तरी चालते. अंक आणि अक्षरांत फरक असेल तर 1881 च्या कायद्याचं कलम 18 अक्षरी रक्कम ग्राह्य धरतं. पण म्हणून काउंटरवर बसून निवाडा करू नका, चेक अधिकाऱ्याकडे द्या.

सराव: आज 15 एप्रिल. प्रत्येक चेकचं काय कराल, कारणासह लिहा. (अ) तारीख 12 जानेवारी. (आ) तारीख 3 मे. (इ) अंकात 15,000, अक्षरी "पंधराशे". (ई) रेखांकित चेक, समोरचा गृहस्थ रोख मागतोय आणि म्हणतोय, "मागच्या वेळी दिले होते की."

भाग 4: दिवसाची जुळणी

उद्दिष्ट: दिवसअखेर हातातली रोकड आणि नोंदी जुळवता येणे.

सराव: सकाळची रोकड 2,00,000, जमा 3,47,500, दिलेली 2,89,200. ड्रॉवरमध्ये 2,58,800 आहेत. किती असायला हवे होते? जास्तीचे पैसे "उद्या कुणीतरी येईल" म्हणून ड्रॉवरच्या कोपऱ्यात ठेवायचे नाहीत. हेड कॅशिअरला कुठल्या क्रमाने आणि काय काय दाखवाल, ते पाच ओळींत लिहा.