दुसऱ्या हप्त्याच्या फी पावतीबाबत चौकशी अर्ज

दि. 15 सप्टेंबर 2025

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक,
महाविद्यालय कार्यालय, बेळगाव.

विषय: बी.कॉम. तिसऱ्या सेमिस्टरच्या फीच्या दुसऱ्या हप्त्याची पावती मिळणेबाबत.

माननीय महोदय,

मी आपल्या महाविद्यालयात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षात शिकत असून माझा हजेरी क्रमांक 47 आहे. चालू सेमिस्टरची फी एकूण रु. 18,400 आहे. त्यापैकी रु. 10,000 मी 8 जुलै रोजी काउंटरवर रोख भरले व त्याची पावती मला त्याच दिवशी मिळाली. उरलेले रु. 8,400 दि. 22 ऑगस्ट रोजी कार्यालयातील क्यूआर कोडवर यूपीआयने भरले. या रकमेची पावती अद्याप मिळालेली नाही. उलट, सूचनाफलकावरील थकबाकीच्या यादीत माझ्या नावापुढे हीच रक्कम दाखवली आहे.

दुसरा हप्ता माझ्या थोरल्या भावाच्या खात्यातून गेला आहे. त्यामुळे बँकेच्या नोंदीत त्याचे नाव येते, माझे नाही. नोंद जुळली नसल्यास तेच कारण असावे, असे मला वाटते. पैसे भरताना शेऱ्याच्या रकान्यात माझा हजेरी क्रमांक व वर्ग लिहिला होता. व्यवहाराच्या यूटीआर क्रमांकाचे शेवटचे चार आकडे 4471 आहेत; पूर्ण क्रमांक सोबतच्या बँक उताऱ्यावर अधोरेखित केला आहे. कृपया तो महाविद्यालयाच्या खात्याशी पडताळून पाहावा, ही विनंती.

रक्कम जमा झाल्याचे आढळल्यास पावतीवर 22 ऑगस्ट हीच तारीख असावी आणि माझे नाव आधार कार्डाप्रमाणे लिहिले जावे. पहिल्या पावतीवर आडनावाचे स्पेलिंग वेगळे पडले आहे. तसेच परत मिळणारी अनामत रक्कम इतर फीपासून वेगळी दाखवावी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत परत न मिळणारी सक्तीची फीच धरली जाते, अनामत नाही. सगळी रक्कम एकत्र असल्यास माझ्या अर्जावर शंका येऊ शकते. एसएसपी पोर्टलवरील अर्जासाठी फी पावतीचे ई-अटेस्टेशनही करून घ्यायचे आहे, आणि पावतीच नसल्याने ते काम अडले आहे.

रक्कम खात्यात आली नसल्यास तसे लेखी कळवावे, म्हणजे भावाला खानापूरच्या बँक शाखेत रीतसर तक्रार देता येईल. माझे वडील शेती करतात. एवढी रक्कम पुन्हा भरणे आमच्या घराला शक्य नाही. म्हणून पडताळणी पूर्ण होईपर्यंत थकबाकीच्या कारणावरून माझा परीक्षा अर्ज रोखू नये, अशी कळकळीची विनंती आहे.

कार्यालयाच्या सोयीसाठी याच अर्जाची कन्नड प्रत जोडली आहे. पोच म्हणून माझ्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक द्यावा.

आपली विश्वासू,
कु. स्वाती पाटील
बी.कॉम., तिसरे सेमिस्टर
मु. ता. खानापूर, जि. बेळगाव

सोबत: पहिल्या हप्त्याच्या पावतीची झेरॉक्स, बँक उतारा, आधार कार्डाची प्रत, भावाचे संमतिपत्र, अर्जाची कन्नड प्रत.