चतुर्थीची खरेदी हप्त्यांवर: कुडाळच्या शोरूमच्या चार पोस्ट

पोस्ट १: फ्रीज

"हप्त्यार घेतला तर व्याज किती पडतला?" चतुर्थी जवळ आली की काउंटरवर दिवसभर हेच ऐकतो. म्हणून यंदा आकडे इथेच मांडतो.

दोन दारांचा फ्रीज, किंमत ३६,००० रुपये. योजना १२/४, म्हणजे ३,००० रुपयांचे बारा हप्ते, त्यातले चार आजच भरायचे आणि उरलेले आठ दर महिन्याला खात्यातून जाणार. फायनान्स कंपनीची प्रोसेसिंग फी ५९९ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून ७०७ रुपये. म्हणजे आज खिशातून १२,७०७ आणि पुढे २४,०००. एकूण ३६,७०७ रुपये.

तोच फ्रीज रोखीने घेतलात तर आम्ही ३४,५०० ला देतो.

फरक २,२०७ रुपयांचा. कागदावर व्याजाचा रकाना कोरा दिसेल, पण रोखीची सूट गेली आणि फी लागली, हाच तुमचा खर्च. रोखीच्या किमतीशी ताडून वर्षाचा दर काढलात तर तो २६ टक्क्यांच्या आसपास जातो. एकदम साडेचौतीस हजार काढणं जड जात असेल तर हा खर्च सोसून घ्यायला हरकत नाही, आमचीही विक्री होते. पण 'शून्य टक्के व्याज' असा बोर्ड आमच्या दारावर दिसणार नाही. शून्य टक्के व्याज अशी काही गोष्ट नसतेच, हे रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना सांगितलेलं आहे.

पोस्ट २: क्रेडिट कार्ड आणि 'फ्लॅट' दर

कार्डावर ३०,००० चा टीव्ही, पाच-पाच हजारांचे सहा हप्ते, 'नो कॉस्ट'. बँकेचा दर १५ टक्के असेल तर साधारण १,२७० रुपये व्याज होतं. तेवढी सूट बिलात आधीच मिळते, म्हणून बेरीज तीस हजारच दिसते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, सुमारे २२९ रुपये, तुमच्याच स्टेटमेंटवर येतो. बँकेची फी असेल तर ती वेगळी. आमच्या बिलात यातलं काही दिसत नाही, म्हणून आधीच सांगतो.

कुणी "फक्त १२ टक्के फ्लॅट" म्हणालं तर तिथेच थांबा. ३०,००० वर वर्षाचे ३,६०० व्याज, हप्ता २,८००. मुद्दल दर महिन्याला कमी होतं, व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण तीस हजारांवरच. घटत्या शिलकीवर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या घरात जातो.

फायनान्स कंपनीच्या कर्जावर सही करण्याआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे कर्जाचा सगळा खर्च मांडलेला कागद, मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांना ते सक्तीचं आहे, आणि तुम्हाला समजेल त्या भाषेत द्यावं लागतं. त्यातला एपीआर वाचा, फी धरून होणारा वर्षाचा दर तोच. रोखीची हुकलेली सूट मात्र त्यात धरलेली नसते. ती आम्ही कोटेशनवर शेजारी लिहून देतो.

पोस्ट ३: मालवण, वेंगुर्ल्याच्या होडीवाल्यांसाठी

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, हप्ता मात्र चालूच. आज आठ किंवा बारा महिन्यांचा हप्ता बांधताना ते दोन महिने मध्ये येतात का, बोटावर मोजून बघा. येत असतील तर जास्त रक्कम आधी भरा आणि मुदत आखूड घ्या. आंबेवाल्यांचं थोडं वेगळं, पैसा एप्रिल-मेमध्ये हातात येतो. मुदतीआधी कर्ज फेडलं तर काय आकार लागतो, ते त्यांनी सहीआधी विचारावं.

खात्यात पैसे नसताना हप्ता परत गेला तर फायनान्स कंपनी दंड लावते आणि तुमची बँकही वेगळा आकार कापते. एका चुकलेल्या हप्त्याला दोन ठिकाणी फटका. अडचण दिसत असेल तर तारखेआधी कंपनीला कळवा. आम्हाला सांगितलंत तर फोन लावून देऊ, पण दंड माफ करणं आमच्या हातात नाही.

पोस्ट ४: मुंबईच्या भावाच्या नावावर

गावच्या घरात टीव्ही, पॅनकार्ड चाकरमान्याचं. दरवर्षी असे व्यवहार होतात. हप्ते बाबा भरणार असं घरात ठरलेलं असलं तरी कर्ज भावाचंच. चुकलेला हप्ता त्याच्या सिबिलवर नोंदला जातो, आणि उद्या तो खोलीसाठी कर्ज मागायला गेला की बँकेला तेच दिसतं. म्हणून ओटीपी मागण्याआधी आम्ही भावाशी स्वतः फोनवर बोलतो. राग मानू नका.

वाढीव वॉरंटी आणि विमा ऐच्छिक आहेत. हप्त्यात मिसळलेले दिसले आणि नको असतील तर काढायला सांगा, तिथल्या तिथे नवा हिशोब करून देऊ. येताना आधार, पॅन आणि ज्या खात्यातून हप्ता जाणार त्याचं पासबुक आणा. बुधवारी बाजारामुळे गर्दी असते, सकाळी लवकर या.