घाऊक विक्रीसाठी: सिंधुदुर्गातील सुकी आमसुले (कोकम), 25 किलोच्या खोक्यांत

कुडाळ आणि सावंतवाडी परिसरातील बागांमधून घेतलेली, उन्हात वाळवलेली आमसुले आमच्या मशीद बंदर येथील गोदामातून घाऊक भावाने उपलब्ध आहेत. खानावळी, केटरर, मसाला उत्पादक, किराणा दुकानदार आणि सोलकढी किंवा कोकम सरबत तयार करणारे व्यावसायिक यांच्यासाठी हा माल आहे. किरकोळ विक्री आम्ही करत नाही.

हा माल एप्रिल-मे 2025 च्या हंगामातील आहे. त्या वर्षी मोसमी पाऊस 26 मे रोजीच मुंबईत पोहोचला आणि कोकणात त्याआधीच पावसाने जोर धरल्यामुळे अनेकांची आमसुले अर्धवट वाळलेल्या अवस्थेत घरात घ्यावी लागली. 20 मेपूर्वी वाळून तयार झालेला मालच आम्ही उचलला, म्हणून साठा 2,400 किलोपुरता, म्हणजे 96 खोक्यांचा आहे. फळाची साल बियांपासून वेगळी करून, मिठाच्या रसात बुडवून पुन्हा उन्हात घालण्याची पुटे पूर्ण दिलेली असल्याने तुकडा बोटांत दाबला तर लवतो, मात्र पिळला तरी ओल सुटत नाही. रंग काळसर लाल आहे. बाहेरून रंग, गोडवा किंवा परिरक्षक घातलेले नाही. मीठ हा या पदार्थाचा घटकच आहे, परंतु वजन वाढवण्यासाठी जादा मीठ किंवा ओल ठेवणे हा या धंद्यातील जुना दोष असल्यामुळे प्रत्येक लॉटचा प्रयोगशाळा अहवाल मालासोबत दिला जातो.

किमान ऑर्डर 50 किलो, म्हणजे दोन खोकी, अशी आहे. खोके फोडून माल दिला जात नाही, त्यामुळे त्यापुढील मागणीही 25 किलोच्या पटीतच नोंदवावी.

50 ते 75 किलोसाठी दर किलोला 360 रुपये आहे. 100 ते 225 किलोसाठी 345 रुपये, 250 ते 475 किलोसाठी 332 रुपये आणि 500 किलो व त्याहून अधिक खरेदीसाठी 320 रुपये प्रतिकिलो आकारले जातील. जो टप्पा गाठला जाईल त्याचा दर संपूर्ण मालाला लागू होतो, केवळ वाढीव मालाला नाही. म्हणून 225 किलोचे 77,625 रुपये होत असताना 250 किलोचे 83,000 रुपये होतात, आणि शेवटचे खोके प्रत्यक्षात 215 रुपये किलोने पडते. ज्यांना वर्षभरात एवढा माल लागतो त्यांनी पुढच्या टप्प्याचा विचार अवश्य करावा, पण ज्यांच्याकडे कोरडी जागा नाही त्यांनी केवळ दरासाठी जादा माल भरू नये, असे आमचे प्रामाणिक मत आहे. जीएसटी बिलाच्या दिवशी लागू असलेल्या दराने वेगळा लागेल. 250 किलोपासून मुंबई शहर व उपनगरांत, दहिसर आणि मुलुंडपर्यंत, पोच विनामूल्य आहे. त्याखालील मालासाठी टेम्पोचे भाडे खरेदीदाराचे राहील.

नमुना पाहिल्याशिवाय पहिली ऑर्डर देऊ नये, असा आमचा आग्रह आहे. काही वर्षांपूर्वी एका पुरवठादाराने निवडक, सुंदर आमसुलांचा नमुना दाखवून आम्हाला ओला माल पाठवला होता आणि पावसाळ्यात तीन आठवड्यांतच त्याला बुरशी धरली. तेव्हापासून आमचा नमुना विक्रीच्या लॉटमधील खोके खरेदीदारासमोर किंवा त्याने सांगितलेल्या क्रमांकाचे फोडूनच काढला जातो. नमुना 250 ग्रॅमचा असतो. गोदामात येऊन घेतल्यास तो विनामूल्य आहे. कुरिअरने हवा असल्यास 150 रुपये लागतील आणि ते पहिल्या ऑर्डरच्या बिलातून वजा होतील. एका लॉटमागे एका व्यावसायिकाला एकच नमुना मिळेल. नमुना हाती पडल्यापासून सात दिवस आपण सांगितलेला माल राखून ठेवला जातो, त्यासाठी आगाऊ रक्कम घेतली जात नाही. त्याच लॉटमधील अर्धा किलो माल मोहोरबंद करून आमच्याकडे राहतो, म्हणजे पुढे वाद झाल्यास तुलना करता येते.

नमुन्याची दोन-तीन आमसुले वाटीभर कोमट पाण्यात वीस मिनिटे भिजत घालावीत. पाणी दाट तांबडे होऊन तळाशी वाळू किंवा माती बसली नाही, तर आमच्या मालाबद्दल आम्हाला वेगळे काही सांगावे लागणार नाही.

ऑर्डर नोंदवताना निम्मी रक्कम आणि उरलेली माल उतरवण्यापूर्वी द्यावी. खोक्याच्या आत जाड अन्नसुरक्षित प्लॅस्टिकची पिशवी असते. माल आल्यावर वजन काट्यावर तपासून, तूट किंवा दोष आढळल्यास 48 तासांत छायाचित्रासह कळवावे. नमुन्याशी न जुळणारे खोके आम्ही आमच्या खर्चाने परत नेऊ. कोरड्या, सावलीच्या जागी आणि जमिनीपासून फळीवर ठेवल्यास माल पुढील हंगामापर्यंत टिकतो.

गोदाम सोमवार ते शनिवार सकाळी 10 ते सायंकाळी 6 पर्यंत उघडे असते.